“दादा, पाच हजार राउंड करा”: घासाघीस झाल्यावर बिलातला जीएसटी मागे कसा मोजायचा

ब्लेझर अंगावर चढवून, आरशासमोर दोनदा फिरून झालेलं असतं. मग ग्राहक बाहीला लटकलेला टॅग उलटतो, ५,३१० वाचतो आणि म्हणतो, “दादा, पाच हजार राउंड करा ना.” तुम्ही थोडं नाही-हो करता आणि शेवटी म्हणता, “चला, घ्या.” सौदा इथे संपतो, बिल करणाऱ्याचं काम मात्र इथून सुरू होतं. बिलात नुसतं ‘५,०००’ लिहून भागत नाही. त्यात मालाची किंमत किती, सीजीएसटी किती, एसजीएसटी किती हे वेगवेगळं दाखवावं लागतं, आणि सगळ्याची बेरीज ग्राहकाने हातात दिलेल्या पाच हजारांशी जुळावी लागते.

तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरवर नव्याने बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी स्वतः या जागी बसून चुका करत शिकलो. दुकान नियमित जीएसटी नोंदणीचं आहे असं धरलं आहे. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला बिलावर कर आकारताच येत नाही, त्यामुळे हा उलटा हिशेब त्याच्या बिलात येत नाही.

हिशेबाला बसण्यापूर्वी एक गोष्ट तोंडीच पक्की करून घ्या. “पाच हजार” म्हणजे सगळं धरून, की “पाच हजार प्लस जीएसटी”? घरगुती ग्राहक बोलतो ती रक्कम नेहमी सगळं धरून असते, त्याला विचारायचीही गरज नाही. पण कंपनीच्या नावाने, जीएसटी नंबर देऊन घेणारा बरेचदा कर सोडून बोलत असतो, कारण भरलेला कर त्याला पुढे वळता करून मिळू शकतो. मी एकदा अशा माणसाशी “पाच हजारात फिक्स” केलं. बिल हातात पडल्यावर तो म्हणाला, “मी तर प्लस टॅक्सच द्यायला तयार होतो.” तेव्हापासून नंबर सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, “टॅक्स धरून ना, साहेब?”

पाच हजारातून अठरा टक्के काढायचे नाहीत

या ब्लेझरवर जीएसटी १८ टक्के आहे. नवा माणूस कॅल्क्युलेटर घेतो, ५,००० चे १८ टक्के काढतो, ९०० येतात, ते वजा करतो आणि करपात्र मूल्य ४,१०० लिहून मोकळा होतो. बेरीज बरोबर येते, म्हणून चूक लगेच दिसत नाही. ती पकडायला उलट तपासा: ४,१०० वर १८ टक्के म्हणजे ७३८. बिलात तर ९०० लिहिलेत. म्हणजे तुम्ही जवळपास २२ टक्के कर लावला. कर म्हणून बिलात दाखवून घेतलेला पैसा सरकारकडे भरावाच लागतो, त्यामुळे हे जादाचे रुपये तुमच्याच गल्ल्यातून गेले.

असं होतं कारण १८ टक्के हे मालाच्या किमतीवर लागतात, ग्राहकाने दिलेल्या एकूण रकमेवर नाही. मालाची किंमत १०० धरली तर त्यावर १८ चढून ११८ होतात. ग्राहकाच्या हातातले पाच हजार म्हणजे ते ११८ भाग. त्यातले १८ भाग कराचे, १०० आपले. म्हणून भागायचं ते ११८ ने.

केंद्रीय जीएसटी नियमावली, २०१७ मधला नियम ३५ हेच सांगतो, आणि त्याची मांडणी काउंटरवरच्या माणसाला फार सोयीची आहे. तो म्हणतो, करासह रकमेला त्या-त्या कराच्या दराने गुणा आणि १०० अधिक सगळ्या दरांची बेरीज यांनी भागा. १८ टक्क्यांतले निम्मे सीजीएसटीचे, निम्मे एसजीएसटीचे. म्हणजे सीजीएसटीचा आकडा काढताना वर ९ घ्यायचे, खाली मात्र ११८ च. एसजीएसटीचंही तसंच.

आपल्या ब्लेझरवर हे करून बघू. ५,००० गुणिले ९ भागिले ११८, उत्तर ३८१.३५५९. पैशांपर्यंत आणलं की ३८१.३६. हा सीजीएसटी. एसजीएसटीही तेवढाच, ३८१.३६. दोन्ही मिळून ७६२.७२. आता पाच हजारातून हे वजा करा: ४,२३७.२८. हे करपात्र मूल्य. शेवटी सुलट तपासणी: ४,२३७.२८ चे ९ टक्के ३८१.३५५२, म्हणजे ३८१.३६. जुळलं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून दुसरा रस्ताही दाखवतो. बरेच जण आधी ५,००० ला १.१८ ने भागतात आणि ४,२३७.२९ लिहितात. त्याचे ९ टक्के पुन्हा ३८१.३६ च येतात, पण बेरीज केली की ५,०००.०१ होते. एक पैसा वर. दोन्ही कर सारखेच असावे लागतात, त्यामुळे एकूण कर नेहमी सम पैशांत येतो आणि हा एक पैसा कुठेतरी डोकं वर काढतो. आधी अर्धा कर काढायचा, तो दुप्पट करायचा आणि करपात्र मूल्य वजाबाकीने काढायचं, या क्रमाने गेलं की बहुतेक वेळा तो आपोआप जिरतो.

बहुतेक वेळा म्हणालो, नेहमी नाही. १८ टक्क्यांची एखादी वस्तू नेमकी ५०० ला सोडली तर काय होतं पाहा. अर्धा कर ३८.१३५६, म्हणजे ३८.१४. वजाबाकीने करपात्र मूल्य ४२३.७२. त्याचे ९ टक्के ३८.१३४८, म्हणजे ३८.१३. जुळत नाही. करपात्र मूल्य एक पैसा वाढवून ४२३.७३ केलं तर कर ३८.१४ येतो, पण बेरीज ५००.०१ होते. दोन दशांश स्थळांत पाचशेला तंतोतंत उत्तरच नाही. १८ टक्क्यांना पूर्ण रुपयांतल्या सहा-सात रकमांत एखादी अशी निघते. तेव्हा ४२३.७३ आणि दोनदा ३८.१४ असं लिहून खाली ‘राउंड ऑफ −०.०१’ दाखवा. ती ओळ असते ती यासाठीच.

तक्ता करून ठेवायचा असेल तर एक्सेलमध्ये पाच खाने पुरतात. `A2` मध्ये ठरलेली करासह रक्कम, `B2` मध्ये एकूण दर (१८ किंवा ५). पुढच्या तीन खान्यांत अनुक्रमे अर्धा कर, करपात्र मूल्य आणि तपासणी:

```
C2:  =ROUND(A2*B2/2/(100+B2),2)
D2:  =ROUND(A2-2*C2,2)
E2:  =ROUND(D2*B2/200,2)=C2
```

`E2` मध्ये `FALSE` आलं की समजायचं, पैशाची राउंड ऑफ ओळ लागणार.

घासाघीस चालू असताना मात्र तक्ता उघडायला वेळ नसतो, तेव्हा तोंडी हिशेब लागतो. १८ टक्क्यांच्या मालात ग्राहकाच्या दर शंभर रुपयांत १५ रुपये २५ पैसे कराचे असतात, ८४.७५ आपले. पाच टक्क्यांच्या मालात रकमेचा एकविसावा भाग कराचा. शर्ट २,१०० ला गेला तर शंभर रुपये कर, दोन हजार आपले. याचा उपयोग सूट सोडतानाही होतो. ब्लेझरवर तुम्ही शंभर सोडता तेव्हा खिशातून खरे ८४.७५ च जातात. अर्थात बिल नीट केलं तर.

सोडलेले ३१० रुपये बिलात कुठे जातात

बिल नीट न करण्याचे दोन प्रकार आहेत, आणि मी दोन्ही केलेत.

टॅगवरच्या ५,३१० मध्ये करपात्र मूल्य ४,५०० आणि कर ८१० होता. पहिल्या वर्षी मी बिल टॅगप्रमाणेच काढायचो आणि सगळ्यात शेवटी, कराच्या खाली, ‘राउंड ऑफ −३१०’ टाकून पाच हजार करायचो. ग्राहकाला पाच हजारच दिसायचे, तो खूश. महिनाअखेरीला हिशेबनीस काकांनी राउंड ऑफचं खातं उघडलं आणि चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं. पैशांच्या फरकासाठी असलेल्या खात्यात हजारो रुपये पडले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “न मिळालेल्या पैशावर टॅक्स का भरतोयस?” खरंच होतं ते. कराच्या खाली वजा केलेल्या सुटीने करपात्र मूल्य कमी होत नाही, ते ४,५०० च राहतं आणि कर ८१० च भरावा लागतो. नीट बिलात तो ७६२.७२ असता. एका ब्लेझरवर ४७.२८ रुपये फुकट गेले.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. बिलात कराच्या वर जो सुटीचा रकाना असतो, त्यात ३१० टाकू लागलो. ४,५०० वजा ३१० म्हणजे ४,१९०, त्यावर १८ टक्के, एकूण ४,९४४.२०. ग्राहक पाच हजार देऊन बसलाय आणि बिल सांगतंय ४,९४४.२०. वरचे ५५.८० कुठे दाखवायचे? ग्राहकाच्या लक्षात आलं तर तो परत मागतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

ग्राहकाशी बोललेली सूट करासह असते, बिलातल्या रकान्यातली सूट करापूर्वीची. ३१० रुपयांतही १८ भाग कराचे आहेत. म्हणून रकान्यात टाकायची सूट काढायला सूट मोजत बसायचं नाही. नवं करपात्र मूल्य आधी काढायचं आणि जुन्यातून वजा करायचं: ४,५०० वजा ४,२३७.२८, म्हणजे २६२.७२. उरलेले ४७.२८ रुपये कर कमी झाल्यामुळे सुटले, ते वेगळे दाखवायचे नसतात. बिलात अशा ओळी येतात: मूळ किंमत ४,५००, सूट २६२.७२, करपात्र मूल्य ४,२३७.२८, सीजीएसटी ३८१.३६, एसजीएसटी ३८१.३६, एकूण ५,०००.

सूट बिलात लिहिणं हा नुसता शिष्टाचार नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५ विक्रीच्या वेळी किंवा आधी दिलेली सूट मूल्यातून वगळू देतं ते ती बिलात नोंदलेली असेल तरच. म्हणून सौदा पूर्ण ठरेपर्यंत बिल काढू नका. बिल छापून झालं आणि मग ग्राहक “अजून पन्नास कमी करा” म्हणाला, तर ते पन्नास गल्ल्यातून हातावर ठेवणं सोपं वाटतं, पण बिल जुनंच राहतं आणि कर जुन्या रकमेवर बसतो.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘करासह दर’ भरायची सोय असते. ती चालू केली की त्यात सरळ ५,००० टाकता येतात आणि मागचा हिशेब ते करतं. वापरा, पण पहिली काही बिलं हाताने पडताळून बघा. काही सॉफ्टवेअर कर ओळीगणिक मोजतात, काही पूर्ण बिलाच्या बेरजेवर, आणि पैशाचा फरक तिथून येतो.

एका बिलात दोन दर असले की

तोच ग्राहक ब्लेझरबरोबर दोन शर्ट घेतो. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून, नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर गेली तर १८ टक्के असा दर आहे. शर्ट प्रत्येकी १,२६० चे, म्हणजे १,२०० अधिक पाच टक्के. ब्लेझर ५,३१०, दोन शर्ट २,५२०, एकूण ७,८३०. ग्राहक म्हणतो, “साडेसात करा.”

आता ७,५०० ला कशाने भागायचं? ११८ ने नाही, १०५ नेही नाही. आधी साडेसात हजार दोन ढिगांत वाटायला हवेत, ब्लेझरचा ढीग आणि शर्टांचा ढीग, आणि मग प्रत्येक ढिगाचा हिशेब त्याच्या दराने.

वाटणी कशी करायची हे सौदा कसा झाला त्यावर ठरतं. ग्राहक ब्लेझरवरच अडून बसला होता आणि शर्टांबद्दल अवाक्षर बोलला नाही, तर सूट ब्लेझरवर. पूर्ण बिलावर बोलला असेल तर टॅगच्या प्रमाणात. सगळी सूट १८ टक्क्यांच्या वस्तूवर ढकलली की कर कमी होतो हे हुशार माणसाच्या लगेच लक्षात येतं. सौदा तसा झालेला नसताना प्रत्येक बिलात हेच केलं, तर तपासणीत तो नमुना लपत नाही. माझं मत विचाराल तर प्रमाणात वाटा आणि शांत झोपा.

प्रमाणात म्हणजे ७,५०० ला ५,३१० ने गुणून ७,८३० ने भागायचं: ब्लेझरच्या वाट्याला ५,०८६.२१, शर्टांच्या वाट्याला २,४१३.७९. एवढे पैसे सांभाळत बसायची गरज नाही. मी जवळच्या पाच रुपयांवर नेतो: ब्लेझर ५,०८५ आणि शर्ट २,४१५. बेरीज ७,५०० च राहते, प्रमाणही जवळपास तेच.

आता ब्लेझर: ५,०८५ गुणिले ९ भागिले ११८, म्हणजे ३८७.८४. दोनदा वजा केल्यावर करपात्र मूल्य ४,३०९.३२. सुलट तपासणी ३८७.८४, जुळलं. शर्ट: २,४१५ गुणिले २.५ भागिले १०५, बरोबर ५७.५०. करपात्र मूल्य २,३००, म्हणजे प्रत्येक शर्ट १,१५० चा. एकूण करपात्र मूल्य ६,६०९.३२, एकूण कर ८९०.६८, बेरीज साडेसात हजार, पैशासकट. ब्लेझरचे ५,०८६ धरले असते तर मघाच्या पाचशेसारखी एक पैशाची राउंड ऑफ ओळ लागली असती. पाचावर नेण्यात तीही वाचली.

२,६२५ आणि २,९५० यांच्या मधली जागा

इथपर्यंत दर आधीच ठरलेला होता आणि आपण फक्त मागे मोजत होतो. कपड्यांच्या धंद्यात एक जागा अशी आहे की घासाघीस केल्याने दरच बदलतो, आणि तिथे मागचा हिशेब गोल गोल फिरायला लागतो. नवा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो.

हलका ब्लेझर, टॅग २,९९९. मागे मोजलं तर करपात्र मूल्य २,५४१.५२ आणि कर ४५७.४८. मूल्य अडीच हजारांच्या वर, म्हणून दर १८ टक्के. सगळं ठीक. ग्राहक म्हणतो, “अठ्ठावीसशे घ्या.”

२,८०० ला १८ टक्क्यांनी मागे मोजा: करपात्र मूल्य २,३७२.८८ च्या आसपास. पण हे तर अडीच हजारांच्या आत आलं. मग दर १८ कसा, ५ हवा. बरं, पाच टक्क्यांनी मोजू: २,६६६.६७. हे अडीच हजारांच्या वर गेलं, म्हणजे दर ५ नाही, १८ हवा. पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडला असं वाटून दुसरा आणला होता.

कॅल्क्युलेटर ठीक होता. पाच टक्क्यांच्या मालाचं करपात्र मूल्य जास्तीत जास्त २,५०० असू शकतं, आणि करासह ते होतं २,६२५. अठरा टक्क्यांच्या मालाचं मूल्य २,५०० च्या वर असायलाच हवं, म्हणजे करासह रक्कम २,९५० च्या वर. या दोहोंच्या मध्ये, २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत, अशी एकही करासह रक्कम नाही जिचा हिशेब स्वतःशीच जुळेल. बुटांनाही जोडामागे २,५०० ची तशीच मर्यादा आहे, त्यामुळे चपला-बुटांच्या दुकानातही हीच दरी सापडते.

सॉफ्टवेअर इथे तुम्हाला सावध करेलच असं नाही. वस्तूच्या मास्टरमध्ये कायमचा १८ टक्के दर भरलेला असेल, तर २,८०० टाकल्यावर ते गुपचूप २,३७२.८८ वर १८ टक्के लावून बिल काढतं. बिल स्वच्छ दिसतं, पण अडीच हजारांच्या आतल्या नगावर १८ टक्के लागलेले असतात. ग्राहकाकडून जास्त कर घेतला गेला आणि तो भरावा लागणार. याउलट कोणी पाच टक्के लावून २,६६६.६७ लिहिलं तर कर कमी भरला गेला, आणि तो फरक पुढे व्याजासह मागितला जाऊ शकतो. म्हणून मास्टरमध्ये दर स्लॅबने भरा: नगाची किंमत २,५०० पर्यंत ५, त्यापुढे १८. सूट वजा झाल्यानंतरच्या किमतीवर स्लॅब लागतो आहे ना, हेही एक चाचणीचं बिल काढून बघा.

मग ग्राहकाला काय सांगायचं? इथे हिशेब आपल्या बाजूने आहे. अठ्ठावीसशेला १८ टक्क्यांनी विकला असता तर दुकानाला सुमारे २,३७३ मिळाले असते. तोच ब्लेझर २,६२५ ला दिला तर करपात्र मूल्य बरोबर २,५००, कर फक्त १२५. ग्राहक मागतोय त्याहून १७५ रुपये कमी देतो आणि दुकानाला १२७ रुपये जास्त मिळतात. पूर्ण टॅगशी तुलना केली तरी ग्राहकाचे ३७४ वाचतात आणि दुकानाचे जातात फक्त ४१.५२, बाकीचा फरक करातला. म्हणून कोणी या दरीतली रक्कम बोललं की मी पुढे घासत बसत नाही. सरळ म्हणतो, “ताई, अठ्ठावीसशे कशाला, सव्वीसशे पंचवीस द्या.” समोरच्याला आधी यात काहीतरी गोम आहे असंच वाटतं. बिलातला पाच टक्के दर दाखवला की पटतं.

यात लबाडी नाही, कारण किंमत खरोखर कमी झाली आहे. लबाडी सुरू होते ती २,६२५ चं बिल करून वरचे १७५ रोख घेतल्यावर, किंवा ‘फिटिंगचे’ म्हणून वेगळे दाखवल्यावर. कपडा हातात देण्याआधी त्याच्यावर केलेल्या कामाचे, पॅकिंगचे पैसे आपण घेतले, तर कलम १५ प्रमाणे तेही विक्रीच्या मूल्यातच धरले जातात. २,५०० च्या कपड्यावर दीडशे फिटिंग चढवलं की मूल्य २,६५० झालं आणि पूर्ण रकमेचा दर १८ वर गेला. फिटिंग करून द्यायचं असेल तर ते २,६२५ च्या आतच बसवा.

टॅग छापताना याचा विचार केला तर काउंटरवरची अर्धी डोकेदुखी वाचते. २,९९९ चा टॅग दिसायला छान, पण दरीच्या वर फक्त ४९ रुपये आहे, आणि ४९ रुपयांची घासाघीस कोणी करत नाही. सूट मागितली जाणारच असा माल असेल, तर टॅग ३,४५० च्या वर ठेवा, म्हणजे चार-पाचशे सोडूनही बिल १८ टक्क्यांतच राहतं. नाहीतर सरळ २,५९९ ठेवा आणि पाच टक्क्यांत राहा. आमच्या काउंटरवर, स्वाइप मशिनच्या मागे, चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली आहे, ग्राहकाला दिसणार नाही अशी. त्यावर एवढंच लिहिलंय: ‘२,६२५ किंवा खाली. नाहीतर २,९५१ किंवा वर.’